मेलामाइनाची भेसळ, दुधाच्या भुकटीतील

मेलामाइन (C3H6N6) हे पांढरे स्फटिकी संयुग असून ते मुख्यत्वे रेझिने व न फुटणाऱ्या थाळ्या-वाट्या यांसाठी तयार करतात. त्याच्या वजनाचा सु. ६७% भाग नायट्रोजनाचा असतो. दुधात त्याची भेसळ होण्याचे कारण हेच होय.

दुधातील प्रथिन बहुधा केल्डाल पद्धतीने अप्रत्यक्षपणे मोजतात. एकूण नायट्रोजन काढून त्याला ६·३८ ने गुणतात. नायट्रोजन प्रथिनातून आला की अन्य पदार्थातून, हे या पद्धतीने कळत नाही. त्यामुळे १ ग्रॅ. मेलामाइन ४ ग्रॅ. हून अधिक प्रथिनासारखे भासते. ३·२% प्रथिन असलेल्या १ लिटर दुधात पाव लिटर पाणी घातल्यास हे प्रमाण २·५६% वर येते. ही घट झाकण्यास जेमतेम २ ग्रॅ. मेलामाइन पुरते व तेवढे त्यात विरघळतेही. भारतात याच हेतूने यूरिया वापरल्याचे आढळले आहे.

चीनमध्ये २००८ साली हा प्रकार उघडकीस आला. हपै प्रांतातील सानलू कंपनीच्या बालान्नात १ किग्रॅ. भुकटीमागे २,५६३ मिग्रॅ. पर्यंत मेलामाइन आढळले. भेसळ प्रामुख्याने दूध संकलन केंद्रांवर होत असे. सु. ३ लाख मुले बाधित झाली व ६ अर्भकांचा मृत्यू झाल्याचे अधिकृतपणे मान्य करण्यात आले. भारताने त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये चिनी दुग्धपदार्थांच्या आयातीवर बंदी घातली.

एकटे मेलामाइन फारसे विषारी नाही. ते शरीरात न बदलता मूत्रावाटे बाहेर पडते. अपाय होतो तो यूरिक अम्लाच्या संयोगाने. बहुतेक सस्तन प्राण्यांत यूरिक अम्लाचे विघटन करणारे यूरिकेज हे एंझाइम असते, मानवात ते नसते. शिवाय वजनाच्या मानाने अर्भकाच्या मूत्रात यूरिक अम्ल प्रौढापेक्षा पुष्कळच अधिक असते. अम्लीय मूत्रात ही दोन्ही संयुगे हायड्रोजन बंधांनी जोडली जाऊन अल्पविद्राव्य स्फटिक बनतात. ते वृक्कात (मूत्रपिंडात) साचून खडे होतात. दोन्ही बाजूंचा मूत्रमार्ग अडला, तर वृक्क निकामी होते.

भुकटी हेच अर्भकाचे एकमेव अन्न असते, हे दुसरे कारण. ६ किग्रॅ. वजनाच्या मुलाने वरील भुकटी रोज १३० ग्रॅ. घेतल्यास सु. ३३० मिग्रॅ., म्हणजे दर किग्रॅ. वजनामागे ५५ मिग्रॅ. मेलामाइन पोटात जाई. जागतिक आरोग्य संघटनेने ठरविलेली सह्य दैनिक मात्रा ०·२ मिग्रॅ. आहे.

हे खडे साध्या क्ष-किरण चित्रात बहुधा दिसत नाहीत. श्राव्यातीत ध्वनितपासणीत दिसतात. मूत्र थेंबथेंब होणे, मूत्रात रक्त किंवा बारीक कण दिसणे व लघवी करताना मूल रडणे ही लक्षणे होत. खडे ठिसूळ असल्याने भुकटी बंद करून भरपूर द्रव व मूत्र क्षारीय करणारी औषधे दिल्यास बहुतेक पडून जातात. मार्ग पूर्ण अडल्यास मात्र शस्त्रक्रिया किंवा अपोहन करावे लागते.

भेसळ ओळखण्यासाठी ट्रायक्लोरोॲसिटिक अम्लाने प्रथिनाचा साका पाडून फक्त त्यातील नायट्रोजन मोजता येतो. मेलामाइन विद्रावातच राहत असल्याने एकूण नायट्रोजनाशी तुलना करताच मोठी भेसळ उघड होते. अल्प प्रमाणातील मेलामाइनासाठी मात्र वर्णलेखन व द्रव्यमान वर्णपटविज्ञान यांचा संयुक्त वापर करावा लागतो. बालान्नाच्या भुकटीसाठी २०१० मध्ये ठरलेली आंतरराष्ट्रीय कमाल मर्यादा १ किग्रॅ.ला १ मिग्रॅ. अशी आहे, ती मेलामाइनाच्या भांड्यांतून वा वेष्टनांतून नकळत उतरणाऱ्या अंशासाठी असून भेसळीस मुभा देणारी नाही.