आयपी ६८ : परीक्षा फक्त नव्या फोनची

जून २०२२मध्ये ऑस्ट्रेलियाच्या फेडरल कोर्टाने सॅमसंगच्या तिथल्या कंपनीला १ कोटी ४० लाख ऑस्ट्रेलियन डॉलरचा दंड ठोठावला. गॅलेक्सी एस ७, एस ८ वगैरे मॉडेलचे फोन स्विमिंग पूलमध्ये आणि समुद्रात बिनधास्त वापरता येतात, असं कंपनीच्या जाहिराती दाखवत होत्या. प्रत्यक्षात अशा पाण्यात भिजलेला फोन पुरता सुकण्याआधी चार्जिंगला लावला, तर त्याचा चार्जिंग पोर्ट गंजून निकामी होऊ शकत होता, हे कंपनीने मान्य केलं. या फोनना आयपी ६८ हे मानांकन मात्र रीतसर मिळालेलं होतं. मग चूक कुठे झाली?

याचं उत्तर त्या मानांकनाच्या चाचणीत आहे. चाचणीचे नियम आयईसी ६०५२९ या आंतरराष्ट्रीय मानकात दिलेले आहेत. 'आयपी'नंतरचा पहिला आकडा धुळीचा, दुसरा पाण्याचा. धुळीसाठी ६ ही सर्वांत वरची पायरी. त्यासाठी उपकरण टाल्कच्या बारीक भुकटीने भरलेल्या पेटीत ठेवतात, बहुतेकदा आतली हवा पंपाने हलकी ओढून घेतात आणि काही तासांनी आत भुकटीचा कणही गेलेला नाही ना, हे उघडून पाहतात. पाण्याच्या ७ या पायरीला लहान उपकरण १ मीटर खोल पाण्यात ३० मिनिटं बुडवतात. ८ म्हणजे त्याहून कडक चाचणी, पण किती खोल आणि किती वेळ, हे उत्पादक ठरवतो. त्यामुळे दोन फोनवर आयपी ६८ लिहिलेलं असलं, तरी एकाची चाचणी दीड मीटरवर आणि दुसऱ्याची सहा मीटरवर झालेली असू शकते.

या चाचणीच्या अटी वाचल्या की जाहिरात कुठे घसरली ते कळतं. पाणी गोडं आणि स्थिर असतं. त्यात मीठ, क्लोरिन किंवा साबण नसतो. आणि मानक स्पष्ट सांगतं की चाचणीचा नमुना नवा, स्वच्छ आणि सर्व भाग जागेवर असलेला हवा. थोडक्यात, प्रयोगशाळेत पास होतो तो एक कोरा करकरीत नमुना. दोन वर्षं खिशात फिरलेल्या फोनबद्दल हे मानांकन काहीच सांगत नाही.

आणखी एक अट सहज नजरेतून सुटते : बुडवण्याच्या चाचणीत पाणी आणि उपकरण यांच्या तापमानात पाच अंशांपेक्षा जास्त फरक नसावा. उन्हात ४५ अंशांपर्यंत तापलेला फोन २५ अंशांच्या पाण्यात पडला, असं समजा. आतली हवा थंड झाली की तिचा दाब सुमारे सहा टक्क्यांनी उतरतो. साठ सेंटिमीटर खोल पाण्याचा जेवढा दाब, जवळपास तेवढाच हा फरक. म्हणजे फोन नुसता पृष्ठभागाखाली असला, तरी आतली पोकळी पाणी खेचू पाहते. एखाद्या सांध्यात बारीकशी फट असेल, तर पाण्याला तेवढी पुरते.

अशा फटी वापराने पडतात. फोनची काच चौकटीला चिकटवलेली असते ती एका अरुंद चिकट पट्टीने, आणि सिमच्या ट्रेभोवती बारीक रबरी रिंग असते. कुकरची रिंग काही वर्षांनी कडक होऊन शिट्टीआधीच वाफ सोडू लागते, तसंच या रबराचंही होतं. सतत दाबाखाली राहून ते चपटं होतं आणि परत फुगण्याची ताकद गमावतं. चिकट पट्टी उष्णतेने मऊ पडते. फोन कोपऱ्यावर आपटला की चौकट किंचित वाकते आणि पट्टी तेवढ्याच जागी सुटते. काचेला तडा नसल्यामुळे बाहेरून काहीच दिसत नाही.

स्क्रीन बदलताना तर ही पट्टी काढावीच लागते. कारागीर फोन गरम करून काच उचलतो, तेव्हा जुनी पट्टी काळ्या धाग्यासारखी ताणून तुटते. चौकटीवरचे तिचे अवशेष खरवडून, जागा स्वच्छ पुसून, त्याच मॉडेलसाठी कापलेली नवी पट्टी लावून दाबून बसवली नाही, तर फोन चालू होईल, पण पाणी अडणार नाही. म्हणून दुरुस्तीला देतानाच 'नवी पट्टी लावणार ना?' असं विचारून घ्यावं.

पाणी आत गेल्याची खूण अनेक फोनमध्ये सिमच्या खाचेत असते. टॉर्च मारून पाहिल्यास तिथली पांढरी किंवा चंदेरी चकती दिसते. पाणी लागलं की ती लाल होते. फोन समुद्रात किंवा साबणाच्या पाण्यात पडला, तर गोड्या पाण्याने हलकेच धुवावा, पोर्ट खाली करून पाणी झटकावं आणि हवेशीर जागी ठेवावा. पोर्ट पूर्ण सुकेपर्यंत चार्जर लावू नये, कारण ओल्या पोर्टमध्ये वीज आली की धातूचे बारीक संपर्कबिंदू झपाट्याने गंजतात. ऑस्ट्रेलियातल्या खटल्यात वाद होता तो नेमका याच गंजाचा.