कुंपणावर खरंच किती मतदार असतात?

1940 च्या मे महिन्यात अमेरिकेतल्या ओहायो राज्यात, एरी काउंटी या जिल्ह्यात, मुलाखतकार घरोघर फिरू लागले. नोव्हेंबरात अध्यक्षपदाची निवडणूक होती. डेमोक्रॅटिक पक्षाचे रूझवेल्ट आणि रिपब्लिकन विल्की यांचा सामना होता. पाहणीचे प्रमुख पॉल लाझार्सफेल्ड व्हिएन्नाहून आलेले समाजशास्त्रज्ञ होते. गिऱ्हाईक दुकानात वस्तू कशी निवडतं, याचा त्यांनी अभ्यास केला होता आणि मतदारही तसाच पारखून ठरवत असेल, असा त्यांचा अंदाज होता. म्हणून 600 जणांना दर महिन्याला भेटायचं आणि भाषणांनी, रेडिओने, वर्तमानपत्रांनी कुणाचं मत कधी फिरलं ते टिपायचं, असा बेत आखला गेला.

मतं फिरलीच नाहीत. जवळपास निम्म्या लोकांचा निर्णय मे महिन्यातच झालेला होता आणि तो शेवटपर्यंत टिकला. एका उमेदवाराला सोडून दुसऱ्याकडे गेलेले शंभरात जेमतेम आठ निघाले. माणूस सधन की गरीब, प्रोटेस्टंट की कॅथलिक, शहरातला की खेड्यातला, एवढं कळलं की त्याचं मत बऱ्यापैकी ओळखता येत होतं. शेवटपर्यंत अधांतरी राहिलेले लोक दोन्ही बाजू तोलत बसले असतील, असं वाटेल. प्रत्यक्षात त्यांना निवडणुकीत फारसा रसच नव्हता.

ही निष्ठा मोजायची कशी, याचं उत्तर पुढच्या दशकात मिशिगन विद्यापीठातल्या संशोधकांनी दिलं. अँगस कॅम्पबेल, फिलिप कॉन्व्हर्स, वॉरन मिलर आणि डोनाल्ड स्टोक्स या चौघांचं ‘द अमेरिकन व्होटर’ हे 1960 सालचं पुस्तक या विषयाचा पाया मानलं जातं. त्यांचा प्रश्न साधा होता: सर्वसाधारणपणे तुम्ही स्वतःला रिपब्लिकन समजता, डेमोक्रॅट समजता, स्वतंत्र समजता, की आणखी काही? मत कुणाला देणार, हे इथे विचारलेलं नाही. तुम्ही स्वतःला कोण मानता, हे विचारलं आहे. उमेदवार आवडला नाही म्हणून एखाद्या वेळी दुसरीकडे शिक्का मारणारा माणूसही ‘मी डेमोक्रॅट’ असंच सांगतो आणि पुढच्या खेपेला बहुधा घरी परततो.

खरी गंमत ‘स्वतंत्र’ म्हणणाऱ्यांची आहे. अलीकडच्या जनमत चाचण्यांत दहातले चार अमेरिकन स्वतःला स्वतंत्र म्हणवतात. एवढे लोक कुंपणावर असते, तर प्रत्येक निवडणुकीत उलथापालथ झाली असती. मिशिगनच्या प्रश्नावलीत मात्र पुढचा प्रश्न तयार असतो: त्यातल्या त्यात तुम्हाला कोणता पक्ष जवळचा वाटतो? इथे बहुतेक जण थोडे आढेवेढे घेऊन एका पक्षाचं नाव सांगतात. 1992 साली रेमंड वोल्फिंगर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा लोकांच्या मतदानाचा अनेक निवडणुकांतला हिशेब मांडला. हे लोक त्या ‘जवळच्या’ पक्षाला जवळजवळ त्याच्या उघड समर्थकांइतक्याच नेमाने मत देतात. कधीकधी सौम्य समर्थकांपेक्षाही जास्त. दुसऱ्या प्रश्नालाही ‘कुणीच नाही’ म्हणणारे उरतात साधारण दहात एक. त्यातलेही पुष्कळ जण मतदानाला जातच नाहीत.

ही निष्ठा येते कुठून? आधी घरातून. केंट जेनिंग्ज आणि रिचर्ड नीमी यांनी 1965 मध्ये शाळेच्या शेवटच्या वर्गातल्या सुमारे 1,700 मुलांना आणि त्यांच्या आईवडिलांना वेगवेगळं गाठून प्रश्न विचारले आणि त्याच मुलांना पुढे 1997 पर्यंत पुन्हा पुन्हा भेटले. सरकारवर किती विश्वास आहे, असल्या बाबतीत मुलांची मतं पालकांशी फारशी जुळत नव्हती. पक्ष मात्र बराच जुळत होता. आईवडील दोघंही एकाच पक्षाचे असतील आणि घरात राजकारणाच्या गप्पा होत असतील, तर जास्तच. विशीत काही मुलं या वारशापासून ढळली. तिशीनंतर मात्र जिथे होती तिथेच घट्ट झाली.

पण कारभार वाईट झाला तर निष्ठा सैल व्हायला हवी, नाही का? होते, पण अपेक्षेपेक्षा बरीच कमी. कारण कारभार कसा झाला, हेही माणूस पक्षाच्याच चष्म्यातून पाहतो. रेगन या रिपब्लिकन अध्यक्षांच्या आठ वर्षांत अमेरिकेतला महागाईचा दर 1980 च्या 13 टक्क्यांवरून 4 टक्क्यांच्या आसपास आला होता. 1988 च्या पाहणीत, या काळात महागाई वाढली की घटली, असं विचारलं तेव्हा कट्टर डेमोक्रॅट मतदारांपैकी निम्म्याहून जास्त जण म्हणाले, ती आणखी बिघडली. लॅरी बार्टल्स यांनी ही उत्तरं पुढे आणली. दुसरी बाजूही काही वेगळी नव्हती. क्लिंटन यांच्या काळात अर्थसंकल्पी तूट घटत असताना, 1996 मध्ये बहुसंख्य रिपब्लिकन मतदारांना ती वाढल्यासारखी वाटत होती.

मग पक्षाचा बालेकिल्ला ढासळतो तरी कसा? जॉर्जिया राज्याचं उदाहरण पाहण्यासारखं आहे. यादवी युद्धात लिंकन यांच्या रिपब्लिकन पक्षाने दक्षिणेला हरवलं, तेव्हापासून तिथला गोरा मतदार पिढ्यान् पिढ्या डेमोक्रॅट राहिला. जुलै 1964 मध्ये डेमोक्रॅट अध्यक्ष जॉन्सन यांनी वर्णभेदाविरुद्धच्या नागरी हक्क कायद्यावर सही केली आणि चारच महिन्यांनी जॉर्जियाने इतिहासात पहिल्यांदा रिपब्लिकन उमेदवाराला, कायद्याविरुद्ध मत देणाऱ्या गोल्डवॉटर यांना, कौल दिला. म्हणजे लोकांनी पक्ष बदलला का? लगेच नाही. कित्येक जण अध्यक्षपदासाठी रिपब्लिकन आणि गव्हर्नरपदासाठी डेमोक्रॅट असं मत देत राहिले आणि स्वतःला डेमोक्रॅटच म्हणवत राहिले. राज्याला रिपब्लिकन गव्हर्नर मिळाला तो थेट 2002 च्या निवडणुकीत. सनी पर्ड्यू हे निवडून आलेले गव्हर्नर स्वतःच 1998 पर्यंत डेमोक्रॅट आमदार होते. या अडतीस वर्षांत काही जण बदलले, पण मोठा फरक पडला तो जुनी पिढी गेल्यामुळे आणि नव्या पिढीने सुरुवातच वेगळ्या पक्षापासून केल्यामुळे. तिकडे 1965 च्या मतदान हक्क कायद्यानंतर मतदार यादीत आलेले कृष्णवर्णीय डेमोक्रॅटिक पक्षाचे हक्काचे मतदार झाले.

आज या राज्यात दोन्ही बाजूंची हक्काची मतं जवळजवळ सारखी आहेत, म्हणून काठावरच्या थोड्या लोकांना भाव आला आहे. 2020 मध्ये सुमारे 50 लाख मतांतून बायडन इथे अवघ्या 11,779 मतांनी जिंकले. अर्थात फरक दरवेळी मत फिरवणारेच पाडतात असं नाही. आपले लोक किती बाहेर पडले आणि समोरचे किती घरी बसले, यावरही निकाल पालटतो. केवळ आकड्यांकडे बघून या दोन गोष्टी वेगळ्या करणं अवघड असतं.

नोव्हेंबर 2022 मध्ये मात्र त्या वेगळ्या दिसल्या. त्या दिवशी जॉर्जियाच्या मतदारांनी एकाच मतपत्रिकेवर गव्हर्नर आणि सिनेटर, दोघांसाठी मत दिलं. गव्हर्नरपदाचे रिपब्लिकन उमेदवार ब्रायन केम्प यांना सुमारे 21 लाख मतं पडली आणि ते आरामात जिंकले. सिनेटचे रिपब्लिकन उमेदवार, माजी फुटबॉलपटू हर्शेल वॉकर, यांना मिळाली 19 लाख. मतदानाला तर सगळे आलेच होते. तरीही केम्प यांच्या तुलनेत वॉकर यांना दोन लाख मतं कमी पडली. त्यातली काही डेमोक्रॅट राफाएल वॉरनॉक यांच्याकडे गेली, काही तिसऱ्या उमेदवाराकडे, तर काहींनी तो रकाना कोराच सोडला. एकूण मतदारांच्या मानाने हे प्रमाण वीसात एक एवढंच होतं. कुणालाच निम्मी मतं न मिळाल्याने डिसेंबरात फेरमतदान झालं आणि वॉरनॉक सुमारे एक लाख मतांनी निवडून आले.