व्होल्ट कमी, फ्रेम जवळपास तेवढ्याच

एकाच मॉडेलच्या सगळ्या चिप सारख्या निघत नाहीत. त्यातली कमकुवत चिपही अडखळू नये म्हणून कंपनी सरसकट थोडं जास्तच व्होल्टेज देते. तुमच्या ग्राफिक्स कार्डातली उष्णता कमी करायला वाव आहे तो इथेच.

३२० वॅटचं आरटीएक्स ३०८० घ्या. एमएसआय आफ्टरबर्नरमध्ये `Ctrl+F` दाबलं की व्होल्टेज आणि वेग यांचा आलेख उघडतो. आधी अख्खी रेघ खाली ओढा, मग ८७५ मिलिव्होल्टवरचा बिंदू १८५० मेगाहर्ट्झपर्यंत उचला आणि बदल लागू करा. त्यापुढची रेघ सपाट होते, म्हणजे चिप त्याहून जास्त व्होल्टेज मागत नाही.

चिपला लागणारी वीज साधारण व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते. १.०५ वरून ०.८७५ व्होल्टवर आल्यास त्याच वेगाला सुमारे ३० टक्के वीज वाचते. मेमरीची भूक मात्र तशीच राहते, त्यामुळे अख्ख्या कार्डाची बचत यापेक्षा कमी.

व्होल्टेज अपुरं पडलं तर खेळ मधेच बंद पडतो किंवा पडदा काळा होतो. बेंचमार्क सुरळीत चालला म्हणून हुरळू नका; रे-ट्रेसिंगचा खेळ तासभर चालवून बघा. अडखळलं तर २५ मिलिव्होल्ट वाढवा. ही परीक्षा होईपर्यंत संगणक सुरू होताच सेटिंग लागू करण्याचा पर्याय बंदच ठेवा.