गडी मोजा, गुण जुळतील

प्रो कबड्डीच्या २०१७च्या हंगामात पाटणा पायरेट्सच्या प्रदीप नरवालने हरियाणा स्टीलर्सविरुद्ध एका सामन्यात चढाईचे ३४ गुण मिळवले. त्यातली एक चढाई आजही पुन्हा पुन्हा पाहिली जाते. त्या एका चढाईने पाटण्याच्या फलकावर ८ गुण चढले, पण प्रदीपच्या खात्यात पडले ६. उरलेले २ लोणाचे, आणि लोणाचे गुण संघाचे असतात, खेळाडूचे नसतात.

सामन्याचं चित्रीकरण पाहून खेळाडूंची आकडेवारी काढायला बसलेल्या माणसाची गाडी नेमकी इथेच अडते. गावोगावच्या स्पर्धा आता यूट्यूबवर थेट दिसतात, त्यामुळे सामन्यांचा तोटा नाही. फलक बघून गुण टिपणं सोपं वाटतं, पण फलक फक्त बेरीज सांगतो. गुण कशाचा, कोणाचा, आणि त्या वेळी समोर किती गडी उभे होते, हे तो सांगत नाही. म्हणून नोंद गुणांची न करता चढाईची करावी. एक चढाई, एक ओळ. चढाई निष्फळ ठरली तरी तिची ओळ लिहायचीच, कारण नंतर यशाचं प्रमाण काढताना भागाकार एकूण चढायांनीच करायचा असतो. चाळीस मिनिटांच्या सामन्यात दोन्ही संघांच्या मिळून साधारण ८० ओळी होतात.

ओळीत काय हवं? घड्याळाची वेळ, चढाई करणारा संघ, चढाईपटूचा जर्सी क्रमांक, चढाई सुरू होताना दोन्ही बाजूंचे मॅटवरचे गडी, बोनस, बाद झालेल्यांचे क्रमांक, पकड असेल तर ती कोणाची, लोण, आणि शेवटी फलकावरचा गुण. यातला सगळ्यांत महत्त्वाचा रकाना कोणता असं विचारलं, तर बहुतेक जण गुणांचा सांगतील. माझ्या मते तो मॅटवरच्या गड्यांचा आहे. बचावात सहा किंवा अधिक गडी असले तरच बोनस मिळतो. तीन किंवा कमी असताना केलेली पकड ‘अव्वल’ ठरते आणि तिचे दोन गुण होतात. शिवाय नोंद चुकली की पहिली बोंब हाच रकाना मारतो.

पाच ओळी लिहून पाहू. समजा, सामन्याच्या मध्यावर ‘अ’ संघ १४ आणि ‘ब’ संघ ११ गुणांवर आहे. ‘अ’चे पाच गडी मॅटवर आहेत, ‘ब’चे तीनच.

पहिल्या ओळीत ‘अ’चा ९ क्रमांक चढाईला जातो. ‘ब’चा उजवा कोपरारक्षक, क्रमांक ४, त्याचा घोटा धरतो आणि मागून आलेला गडी त्याला दाबतो. बचावात तीनच गडी, म्हणजे अव्वल पकड. ‘ब’ला दोन गुण मिळाले, १४-१३ झाले. मात्र ‘ब’चा एकच गडी परत येतो, कारण अव्वल पकडीच्या जादा गुणाला जीवदान नसतं. आता ‘अ’ चार, ‘ब’ चार.

दुसरी ओळ: ‘ब’चा ७ क्रमांक दोघांना हात लावून परततो. १४-१५. ‘अ’चे दोन गडी उरतात आणि ‘ब’चे दोघे परत येऊन सहा होतात.

तिसरी ओळ: ‘अ’चा १० क्रमांक. समोर सहा गडी, म्हणजे बोनस चालू. तो बोनस रेषा ओलांडतो आणि सुखरूप परततो. १५-१५. बोनसलाही जीवदान नाही, म्हणून ‘अ’चे गडी दोनच राहतात.

चौथी ओळ: ‘ब’चा ७ क्रमांक आणखी एकाला बाद करतो. १५-१६. ‘अ’चा एकटा १० क्रमांक उरतो, ‘ब’ पूर्ण सात.

पाचवी ओळ: तो एकटा गडी चढाईला जातो आणि ‘ब’चा मध्यरक्षक, क्रमांक ६, त्याला पकडतो. पकडीचा एक आणि लोणाचे दोन, १५-१९. ‘अ’चे सातही गडी पुन्हा मॅटवर.

आता खाती पाहा. ‘ब’ने मिळवलेल्या आठ गुणांपैकी तीन चढाईचे, तीन पकडीचे आणि दोन लोणाचे. ७ क्रमांकाच्या नावावर दोन चढाया आणि तीन गुण. ४ क्रमांकाची यशस्वी पकड एकच, पण पकडीचे गुण दोन. म्हणून पकडींची संख्या आणि पकडीचे गुण यांचे रकाने वेगळे ठेवावे लागतात. ६ क्रमांकाच्या पकडीने फलक तीनने हलला, पण त्याच्या खात्यात एकच गुण जमा होतो. लोणाचे दोन त्याच्या नावावर टाकले, तर अशा दोन प्रसंगांत पकडीच्या पाच गुणांचा ‘हाय फाइव्ह’ फुकटच मिळतो.

समजा, तिसऱ्या ओळीत सवयीने बोनसलाही जीवदान दिलं. मग वहीत ‘अ’चे तीन गडी होतात, चौथ्या ओळीनंतर दोन उरतात आणि पाचव्या ओळीत लोण बसतच नाही. फलक मात्र तीनने वाढलेला. चूक कुठे झाली हे शोधायला आख्खा सामना पाहावा लागत नाही. चित्रीकरण थांबवून मॅटवरची डोकी मोजत मागे जायचं, जिथे वही आणि मॅट जुळतात तिथे थांबायचं. पुढचीच ओळ चुकलेली असते. बाद झालेले गडी ज्या क्रमाने बाहेर गेले त्याच क्रमाने परत येतात, त्यामुळे बाकावरची रांगही लिहून ठेवली तर मॅटवर नेमकं कोण आहे हेही कळतं. यात बदली खेळाडूंनी मात्र गोंधळ होतो. बदलाची वेळ लिहिली नाही की पुढची दहा मिनिटं एकाची पकड दुसऱ्याच्या नावावर जाते.

काही गोष्टी मोजण्याआधीच ठरवून ठेवाव्या लागतात. चढाईपटूने आधी बोनस घेतला आणि मग तो पकडला गेला, तर दोन्ही संघांना एकेक गुण मिळतो. मग ती चढाई यशस्वी म्हणायची की अयशस्वी? काहीही ठरवा, पण स्पर्धाभर तेच पाळा. पकडीचं श्रेयही असंच. कोपरारक्षकाने घोटा धरला, मध्यरक्षकाने धडक दिली आणि बाकीचे वर कोसळले, तर पकड कोणाची? मी ज्याच्या पकडीने चढाईपटू अडला त्याला श्रेय देतो आणि साथ देणाऱ्याचा क्रमांक शेजारच्या रकान्यात लिहितो. व्हीएलसीमध्ये E दाबत एकेक चौकट पुढे नेली, की पहिला हात कोणाचा हे बहुतेक वेळा दिसतं.

नेहमी नाही. एकच कॅमेरा एका बाजूला असेल तर पलीकडच्या राखीव क्षेत्रातला स्पर्श पंचाच्या पाठीमागे लपतो. दूरचित्रवाणीवर तर रिप्ले चालू असतानाच पुढची चढाई सुरू झालेली असते. अशा वेळी पंचाचा हात आणि मॅट सोडून जाणारा गडी पाहून निकाल लिहावा, आणि श्रेयाच्या रकान्यात प्रश्नचिन्ह ठेवावं. अंदाजाने नाव घातलं तर नंतर त्याची खात्री आणि अंदाज वेगळे करता येत नाहीत.

इतकं झालं, की बेरीज संगणकच करतो. मग खरी उपयोगी चाळणी लावता येते. दोन चढाईपटूंचे आठ-आठ गुण आहेत. एकाने ते समोर सहा-सात गडी असताना मिळवले, दुसऱ्याने तीन उरल्यावर. दोन निष्फळ चढायांनंतरची तिसरी चढाई, जिथे गुण आणला नाही तर बाद व्हावंच लागतं, ती प्रशिक्षक कोणावर सोपवतो आणि तो किती वेळा परत येतो? फलकावरचे आठ आणि आठ सारखेच दिसतात. ओळींत गड्यांचा रकाना असेल तरच ते वेगळे काढता येतात.