ओट्याखाली प्लायवूड, भिंतीवर पार्टिकल बोर्ड

कपाटासाठी फळी निवडताना बहुतेक चर्चा भावावर थांबते. खरे तर कोणती फळी कुठे टिकेल हे दोन गोष्टी ठरवतात: पाणी आणि स्क्रू.

पार्टिकल बोर्ड म्हणजे लाकडाचा भुगा आणि बारीक चिपा गोंदात मिसळून दाबलेली फळी. तिघांत सर्वांत स्वस्त हीच. पाणी लागले की दाबलेल्या चिपा फुगतात आणि वाळल्यावरही पूर्ववत बसत नाहीत. कडा कायमची सुजते. स्क्रूची पकडही कमीच. एकदा काढलेला स्क्रू त्याच भोकात पुन्हा घट्ट बसत नाही, म्हणून बिजागरी सैल होऊन दार लोंबू लागते. एमडीएफमध्ये लाकडाचे बारीक तंतू असल्याने पृष्ठभाग गुळगुळीत मिळतो आणि रंगवायच्या किंवा नक्षी कोरायच्या शटरसाठी तोच उत्तम. मात्र साधे एमडीएफही पाण्यात फुगते, आणि आधी भोक न पाडता कडेत स्क्रू मारला तर चिरते. प्लायवूडमध्ये लाकडाचे पातळ थर एकमेकांना आडवे चिकटवलेले असतात. त्यामुळे स्क्रू घट्ट धरला जातो आणि वजन पेलले जाते.

पण सगळेच प्लाय पाणी सोसत नाही. दुकानात ‘कमर्शियल’ म्हणून मिळणारे एमआर प्लाय फक्त दमट हवेपुरते असते. सिंकखाली बीडब्ल्यूपी प्रतीचे, आयएस ७१० छापाचे प्लाय घ्यावे. केवळ ‘वॉटरप्रूफ’ या शब्दाला फारसा अर्थ नाही.

मर्यादित बजेटमध्ये सगळे स्वयंपाकघर एकाच फळीचे करण्याची गरज नसते. सिंकचे कपाट बीडब्ल्यूपी प्लायचे, ओट्याखालची बाकीची त्याच्याहून थोड्या खालच्या बीडब्ल्यूआर प्लायची, आणि भिंतीवरची कोरडी कपाटे प्री-लॅमिनेटेड पार्टिकल बोर्डची, अशी वाटणी चालते. खालची कपाटे प्लास्टिकच्या पायांवर उचलली की फरशी पुसतानाचे पाणी बोर्डाला लागत नाही.

कोरड्या खोलीतल्या वॉर्डरोबला हिशेब वेगळा. ७ फूट उंच, ६ फूट रुंद, २ फूट खोल, तीन दारांचे, दोन उभ्या पडद्यांचे आणि सहा कप्प्यांचे कपाट घेऊ. त्याला ८ बाय ४ फुटांचे १८ मिमीचे साधारण पाच बोर्ड लागतात, पाठीसाठी ६ मिमीचे दोन वेगळे. पाचांपैकी दारांचा वाटा जेमतेम दीड. तेवढेच प्लायचे केले आणि सांगाडा पार्टिकल बोर्डचा ठेवला, तर बिजागरीची वाटी बसते ती जागा मजबूत होते. पडद्यांमुळे कप्पे सुमारे दोन फूटच लांब राहतात, हेही महत्त्वाचे: लांबी दुप्पट झाली, तर तेवढ्याच दाटीने कपडे ठेवूनही फळीचा झोल सोळापट वाढतो.

माल उतरताना कापलेली कड पाहावी. प्लायमध्ये थरांमधल्या पोकळ्या तिथेच दिसतात. बोर्डाच्या प्रत्येक उघड्या कडेला, मागच्या आणि खालच्यासुद्धा, एज बँडची पट्टी लावून घ्यावी. सुतार तिथेच काटकसर करतो, आणि पाणी तिथूनच शिरते.