अकरा मीटर दोरीवरचा समुद्र

समुद्राचे थर शिकवायचे म्हटलं की फळ्यावर एक उभा चौकोन येतो. त्याचे पाच आडवे पट्टे पाडायचे, वरच्याला फिकट निळा रंग द्यायचा आणि तळाच्याला काळा. चित्र देखणं होतं, पण पाचही पट्टे साधारण सारख्याच जाडीचे निघतात आणि मुलांच्या डोक्यातली समुद्राची मापं तिथेच बिघडतात. म्हणून किनाऱ्यावरच्या शाळांत सहावी-सातवीच्या मुलांशी बोलायचं असेल तर मी रंगीत खडूंऐवजी अकरा मीटर सुती दोरी नेतो. ती वर्गात मावत नाही, व्हरांड्यात पसरावी लागते. हिशेब एकच सांगायचा: दोरीवरचा एक मिलिमीटर म्हणजे समुद्रातला एक मीटर. दोरीचं एक टोक म्हणजे लाटा. दुसरं टोक म्हणजे पॅसिफिक महासागरातल्या मारियाना गर्तेचा तळ, चॅलेंजर डीप, सुमारे १०,९३५ मीटर खोल. पृथ्वीवर याहून खोल जागा सापडलेली नाही.

मग विचारायचं, सूर्याचा उजेड कुठवर पोचत असेल? कुणी तीन मीटरवर पाय ठेवतं, धीट मुलं पार निम्म्यापर्यंत जातात. मी खाली बसून लाटांच्या टोकापासून फक्त वीतभर अंतर मोजतो आणि तिथे लाल चिंधी बांधतो. वीस सेंटिमीटर, म्हणजे समुद्रातले २०० मीटर. स्वच्छ, खुल्या समुद्रातसुद्धा इथवर पोचेपर्यंत पृष्ठभागावरच्या उजेडाचा जेमतेम शंभरावा हिस्सा उरतो आणि वनस्पतींना त्यावर अन्न तयार करता येत नाही. आपल्या गढूळ किनाऱ्यालगत तर काही मीटरांतच अंधारतं. तेव्हा २०० हा आकडा सोयीसाठी धरलेला आहे, पाण्यात तिथे काही रेघ नसते. पण समुद्रातलं जवळजवळ सगळं अन्न या वीतभर दोरीत तयार होतं. खालची साडेदहा मीटरहून जास्त दोरी बहुतेक वरून सांडलेल्यावरच जगते. अपवाद आहेत, तळाशी गरम पाण्याच्या झऱ्यांभोवती रसायनांवर जगणारी वस्ती आहे, पण तो निराळ्या तासाचा विषय.

किनाऱ्यावरच्या मुलांना इथे एक शंका हमखास येते. बाबा होडी घेऊन इतक्या लांब जातात, ते कुठल्या थरात? याचं उत्तर शोधायला मुलांना व्हरांड्यातून बाहेर काढावं लागतं. मुंबईसमोर समुद्रबूड जमीन, म्हणजे भूगोलाच्या पुस्तकातला भूखंडमंच, सुमारे ३०० किलोमीटर रुंद आहे. आपल्या दोरीच्या हिशेबात ते ३०० मीटर होतात. म्हणजे शाळेच्या फाटकातून निघून रस्त्याने तीनशे मीटर चालत जायचं, आणि एवढ्या चालण्यात समुद्र खोल होणार तो फक्त वीतभर. मुंबई हायचे तेलाचे फलाट किनाऱ्यापासून सुमारे १६० किलोमीटर दूर आहेत. तिथे पाणी ७५ मीटरांच्या आसपास, दोरीवर साडेसात सेंटिमीटर. बोंबील, पापलेट, बांगडा, आपल्या ताटात येणारं जवळजवळ सगळं या वरच्या पट्ट्यातलंच. पुस्तकातल्या चित्रात किनारा संपला की कडा कोसळल्यासारखा तळ खाली जातो, कारण कागदावर मावावं म्हणून रुंदी दाबलेली असते. खरा खंडान्त उतार बऱ्याच ठिकाणी घाटरस्त्याहूनही सौम्य असतो. माझ्या मते मुलांनी थरांची नावं विसरली तरी चालतील, पण हे तीनशे मीटर चालणं चुकवू नये.

परत व्हरांड्यात. २०० मीटरपासून १,००० मीटरपर्यंत, म्हणजे दोरीचा पहिला मीटर संपेपर्यंत, संधिप्रकाशाचा थर. इथे उजेड असतो, पण निळाच. पाणी लाल रंग सगळ्यात आधी शोषतं. पहिल्या दहा-पंधरा मीटरांतच तो जवळपास संपतो. हे दाखवायला बॅटरीवर निळा जिलेटिन कागद लावायचा आणि खोली अंधारी करून लाल कापडावर झोत टाकायचा. कागदाचा एकच पदर लावला तर प्रयोग फसतो, कारण त्यातून लाल उजेड थोडा निसटतोच. तीन-चार पदर केले की लाल कापड काळं दिसतं. या थरातल्या कितीतरी कोळंब्या भडक लाल का असतात, ते मग सांगावं लागत नाही. एखादं पोर आपणच म्हणतं, "म्हणजे त्या लपल्यात, सर!"

या थराचा शोध लागला तोही मजेदार. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी नौदलाची माणसं पाणबुड्या हुडकायला पाण्यात आवाज सोडून त्याचा प्रतिध्वनी ऐकत होती. तळ हजारो मीटर खाली असायला हवा, तर मधेच, काही शे मीटरांवर, दुसरा तळ असल्यासारखा प्रतिध्वनी यायचा. त्यात हा तळ दिवस मावळला की वर सरकायचा आणि पहाटे खाली जायचा. जमीन अशी ये-जा करत नाही. १९४५ मध्ये मार्टिन जॉन्सन या सागरी जीवशास्त्रज्ञाने दाखवून दिलं की तो तळ नसून जिवंत प्राण्यांचा थवा आहे. बोटाएवढे कंदीलमासे, कोळंब्या, माकुळं दिवसा अंधारात दडून बसतात आणि रात्री चरायला वर येतात. रोज संध्याकाळी दोरीवर अर्धा मीटर वर, पहाटे अर्धा मीटर खाली. अरबी समुद्रात तर ते दिवसा ज्या पाण्यात थांबतात त्यात प्राणवायू जवळजवळ नसतो. त्यांना खाणारे मोठे मासे तिथे फार वेळ टिकत नाहीत, हाच फायदा.

पहिल्या मीटरनंतर सूर्य संपला. पुढची दहा मीटर दोरी पूर्ण अंधारात, आणि जो उजेड दिसतो तो प्राण्यांच्या अंगचा. पाठ्यपुस्तकं या अंधाराचे ४,००० आणि ६,००० मीटरांवर आणखी भाग पाडतात. मी तिथे नुसत्या गाठी मारतो आणि पुढे जातो. महासागरांची सरासरी खोली मात्र दाखवायलाच हवी. ती साधारण ३,७०० मीटर, म्हणजे दोरीवर चार मीटरही नाही. सहा मीटरनंतरची दोरी फक्त गर्तांची, समुद्रतळावरच्या अरुंद, लांबट भेगांची. अरबी समुद्रात अशी एकही गर्ता नाही; हिंदी महासागरात हवी तर इंडोनेशियाजवळच्या जावा गर्तेपर्यंत जावं लागतं.

आता दाबाचं. दर दहा मीटरला हवेच्या एका वातावरणाइतका दाब वाढतो, म्हणजे दोरीवर दर सेंटिमीटरला एक. चॅलेंजर डीपला नखाएवढ्या जागेवर एक टनाहून जास्त भार. सागरी संशोधकांची जहाजं शाळकरी मुलांनी रंगवलेले थर्माकोलचे पेले जाळीच्या पिशवीत भरून उपकरणांबरोबर खोल सोडतात. वर येतात तेव्हा ते अंगठ्याएवढे झालेले असतात, वरची नक्षी तशीच, फक्त बारीक. ते पाहून मुलं विचारतात की मग मासा कसा चिरडत नाही? पेल्यात चिरडते ती थर्माकोलमधली हवा. पाणी फारसं आकसत नाही, आणि खोल गर्तेतल्या माशाच्या अंगात हवेची पिशवीच नसते.

तरी दाब त्याला सोडत नाही. तो पेशींमधल्या प्रथिनांचा आकार बिघडवतो. ती जागेवर राहावीत म्हणून मासे अंगात टीएमएओ नावाचं एक रसायन साठवतात, आणि मासा जितक्या खोलातला तितकं ते जास्त. हे रसायन मुलांना नाकाने माहीत असतं: मासा मेल्यावर जिवाणू ते मोडतात आणि त्यातूनच मासळीचा वास येतो. पण साठवण्याला मर्यादा आहे. ८,२०० ते ८,४०० मीटरांच्या पुढे मासा तगायचा तर त्याचं अंग आतून समुद्राच्या पाण्यापेक्षा दाट होईल आणि बाहेरचं पाणी आत शिरत राहील. २०१४ मध्ये शास्त्रज्ञांनी हा हिशेब मांडला. २०२२ मध्ये जपानजवळच्या इझू-ओगासावारा गर्तेत ८,३३६ मीटरांवर एका फिकट, लिबलिबीत स्नेलफिशचं चित्रीकरण झालं. चित्रीकरण झालेला सगळ्यात खोलातला मासा तोच. हिशेबाने सांगितलेल्या पट्ट्यात तो नेमका बसला.

याने एक जुना दावा अडचणीत आला. २३ जानेवारी १९६० रोजी झाक पिकार आणि डॉन वॉल्श 'त्रिएस्त' या यानातून चॅलेंजर डीपच्या तळाला पोचले. उतरायला जवळजवळ पाच तास लागले आणि वाटेत, ९,००० मीटरांच्या पुढे, खिडकीचा एक बाहेरचा थर मोठा आवाज करत तडकला. पिकारने तळाशी फूटभर लांबीचा चपटा मासा पाहिल्याचं सांगितलं. यान टेकताच गाळ उसळला होता, फोटो काही मिळाला नाही. आज बहुतेक तज्ज्ञ म्हणतात की तो मासा नसावा, एखादी समुद्रकाकडी असावी. दोरीवर हे दाखवलं की मुलं लगेच निवाडा देतात: माशाची गाठ सव्वाआठ मीटरांच्या थोडी पुढे, पिकारचा मासा अकराच्या जवळ. पण मी त्यांना थांबवतो. न दिसणं आणि नसणं यांत फरक आहे. इथे मासा नसावा असं म्हणायला रसायनाचा हिशेबही हाताशी आहे, म्हणून आपण एवढ्या खात्रीने बोलतो.

उरलेली अडीच मीटर दोरी मग रिकामी का, हा शेवटचा प्रश्न असतो. ती अजिबात रिकामी नाही. गर्ता वर रुंद आणि खाली अरुंद असते, त्यामुळे वरून पडणारा कणकण, मेलेले जीव, भूकंपाने कडेचा सुटलेला गाळ, सगळं घसरत तळाला जमतं. समुद्राच्या सपाट मैदानापेक्षा इथे खायला जास्त मिळतं. संशोधक कॅमेऱ्यापुढे आमिष बांधून चौकट सोडून देतात. ती तळाला टेकायला काही तास लागतात. आमिष म्हणून बऱ्याचदा आपल्या बांगड्याच्याच कुळातला मासा असतो. थोड्या वेळात कोळंबीच्या दूरच्या नात्यातले, बोटाच्या पेराएवढे ॲम्फिपॉड शेकड्यांनी येतात, आमिष दिसेनासं होईपर्यंत त्यावर चढतात आणि काही तासांत काट्याशिवाय काही ठेवत नाहीत.