चकली नको, भाजणी विका: आई-वडिलांना सांभाळत घरगुती व्यवसाय निवडताना

घरात म्हातारं माणूस अंथरुणाला खिळलं किंवा आधाराशिवाय चालेनासं झालं की कुणा एकाची नोकरी सुटते, बहुतेक वेळा सुनेची किंवा लेकीची. मग घरबसल्या काहीतरी करावं असा विचार सुरू होतो आणि नातेवाईक सुचवू लागतात: पोळी-भाजीचे डबे, शिकवणी, ब्लाउज शिवणं, दिवाळीचा फराळ. यातलं सगळं घरून करता येतं हे खरंच. पण निवड करताना विचारायचा प्रश्न निराळा आहे. हातातलं काम आत्ता या क्षणी टाकून उठावं लागलं आणि अर्ध्या तासाने परत आलात, तर काय बिघडलेलं असेल? या एका प्रश्नावर अर्धे पर्याय गळून पडतात. जे उरतात त्यांच्याबद्दलही बरेच गैरसमज आहेत.

गैरसमज: दिवसभर घरीच असतो, म्हणजे वेळ भरपूर आहे

वेळ असतो, पण सलग नसतो. व्यवसाय ठरवण्याआधी आठवडाभर एक वही ठेवा. हाक कधी आली, कशासाठी आली आणि परत कामाला लागेपर्यंत किती वेळ गेला, एवढंच लिहा. शेवटी एकूण मोकळे तास मोजू नका, न उठता किती वेळ बसता आलं ते बघा. बहुतेक घरांत वीस-तीस मिनिटांचे बरेच तुकडे आणि दुपारच्या झोपेचा एखादा मोठा तुकडा, असं चित्र निघतं.

वहीतून आणखी एक गोष्ट कळते. हाका वाटतात तितक्या बेभरवशाच्या नसतात. सकाळी लघवीची गोळी दिली की पुढचे काही तास वारंवार बाथरूमला न्यावं लागतं. पार्किन्सन्स असेल तर गोळ्यांच्या वेळा काटेकोर पाळाव्या लागतात आणि गोळीचा असर ओसरत आला की उठण्या-बसण्याला माणूस लागतं. स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांपैकी बऱ्याच जणांचा गोंधळ तिन्हीसांजेला वाढतो. ‘घरी जायचंय’ म्हणून ते दाराशी उभे राहतात, चिडतात. ही वेळ नेमकी शिकवणीची असते. त्यामुळे उत्तम शिकवणाऱ्या माणसालाही अशा घरात संध्याकाळचा वर्ग झेपत नाही. ऑनलाइन घेतला तरी फरक पडत नाही, कारण समोर मुलं त्याच वेळी बसलेली असतात. हिशेब लिहिणं, भाषांतर, मुद्रितशोधन ही कामंही संगणकावरचीच आहेत, पण ती मध्येच थांबतात आणि रात्री पुन्हा उघडता येतात.

गैरसमज: स्वयंपाक तर रोज करतोच, मग डबे देणं सगळ्यात सोपं

डब्याला ठरलेली वेळ असते. साडेबाराला गिऱ्हाईक जेवायला बसतं. अकराला वडील पडले, तर त्या दिवशी आठ माणसं उपाशी राहतात आणि पुढच्या महिन्यात त्यातली चार दुसरीकडे जातात. त्यांचंही चुकत नाही, दुपारी त्यांनाही जेवायचं असतं. शिवाय डब्याचं अन्न साठवता येत नाही. कालच्या जादा कामाचा आज काही उपयोग नाही.

फराळाचं तेच. चकली तळताना तेलापासून हलता येत नाही, लाडवाचा पाक दोन मिनिटांत पुढे जातो, आणि सगळी मागणी वसुबारसेच्या आधी पुरी करायची असते.

यावर एक उपाय आहे आणि तो फार कमी लोकांच्या लक्षात येतो. तयार पदार्थाच्या एक पायरी मागे या. थालीपीठ विकू नका, थालीपीठाची भाजणी विका. चकली विकू नका, चकलीची भाजणी विका. मेतकूट, नाचणीचं भाजलेलं पीठ, गोडा मसालाही याच जातीचे. ही कामं तुकड्यांत होतात, माल महिना-दोन महिने टिकतो आणि नेमका चुकू न देण्याचा क्षण गिऱ्हाइकाच्या स्वयंपाकघरात जातो. चकलीची भाजणी तर दिवाळीच्या तीन आठवडे आधी विकली जाते. प्रत्यक्ष सणाच्या गर्दीत तुमचे हात मोकळे असतात.

एक घाणा, जवळून

थालीपीठाच्या भाजणीचा पाच किलोचा हिशेब बघू. तांदूळ, ज्वारी, बाजरी आणि हरभऱ्याची डाळ प्रत्येकी एक किलो, गहू आणि उडदाची डाळ अर्धा-अर्धा किलो, वर धणे 200 ग्रॅम आणि जिरे 50 ग्रॅम. पहिल्या दिवशी फक्त निवडणं. हे काम वडिलांच्या खोलीत बसून, त्यांच्याशी बोलत होतं, आणि सूप खाली ठेवून कितीही वेळा उठता येतं.

दुसऱ्या दिवशी भाजणं. प्रत्येक धान्य वेगळं भाजायचं, कारण प्रत्येकाला वेगळा वेळ लागतो. कढईत अर्ध्या किलोच्या वर घालू नये. मंद आचेवर साधारण दहा मिनिटांत घाणा उतरतो. तांदूळ पांढरा होऊन फुलतो, बाजरी तडतडते, ज्वारीच्या चार-दोन लाह्या उडतात, डाळीला खमंग वास सुटतो. असे दहा घाणे होतात आणि धणे-जिऱ्यांची थोडी भर. एका घाण्यानंतर गॅस बंद करून तासाभराने दुसरा लावला तरी मालाचं काही बिघडत नाही, म्हणून हे काम या घरांत बसतं.

पण त्या दहा मिनिटांत हाक आली तर? नुसता गॅस बंद करून धावू नका. लोखंडी कढई गरम राहते आणि तळाचं धान्य करपतं. परात शेजारीच उघडी ठेवा, आधी गॅस बंद, मग घाणा परातीत, मग खोलीत. याला काही सेकंद लागतात. अर्धवट भाजलेला घाणा परत कढईत घालता येतो, करपलेला मात्र टाकावाच लागतो. मूठभर करपट डाळीने अख्ख्या पिठाला कडवट चव येते. उडदाची डाळ आणि जिरे सगळ्यात लवकर जळतात. ते भाजायला वडिलांची झोपेची वेळ किंवा घरात दुसरं माणूस असेल ती वेळ ठेवा.

सगळ्यात जास्त माल बिघडतो तो मात्र यानंतर, घाईमुळे. दुपारी भाजलं आणि गिरणीवाला संध्याकाळी बंद करणार म्हणून कोमट धान्यच दळायला दिलं, किंवा दळून आणलेलं पीठ गरम असतानाच पिशव्यांत भरलं, की आतली वाफ पाणी होऊन बसते. पिशवीला आतून दमटपणा येतो, पिठाच्या गुठळ्या होतात, आठवड्याभरात कुबट वास येतो. ढिगाला वरून हात लावून अंदाज घेऊ नका, हात मध्यापर्यंत घाला. धान्य रात्रभर परातीत पातळ पसरून, वर सुती कापड टाकून ठेवलं की हा प्रश्नच येत नाही. गिरणीत आधी कुणाचं काय दळलं तेही विचारा. मिरची किंवा हळदीनंतरचा पहिला घाणा तुमचा नको.

प्रत्येक खेपेची एक पिशवी तारीख घालून घरी ठेवा, एका महिन्याने आणि दोन महिन्यांनी उघडून वास आणि चव बघा. वेष्टनावर ‘किती दिवसांत वापरावे’ हे त्यावरून लिहा, दुसऱ्याच्या पाकिटावरून उतरवू नका.

गैरसमज: घरगुती आहे, मग नोंदणी कशाला

खाण्याचा पदार्थ विकायचा तर घरातून विकला तरी एफएसएसएआयची नोंदणी लागते. लहान उत्पादकाला मोठा परवाना लागत नाही, साधी नोंदणी पुरते आणि ती ऑनलाइन होते. पाकिटावर तो नोंदणी क्रमांक, घटक, निव्वळ वजन, तयार केल्याची तारीख, किंमत, तुमचं नाव-पत्ता आणि शाकाहाराची हिरवी खूण हवी.

यापेक्षा रोज पाळायची गोष्ट म्हणजे स्वच्छता. ज्या हातांनी डायपर बदलायचा, जखम पुसायची, त्याच हातांनी माल हाताळायचा असतो. म्हणून भाजणी-भरणीचा ॲप्रन वेगळा, साबणाने हात कोपरापर्यंत धुणं प्रत्येक वेळी, आणि अंघोळ घालणं, कपडे बदलणं ही कामं उरकल्यावरच माल हातात घेणं. घरात कुणाला जुलाब-उलट्या होत असतील तर त्या दिवसांत पिठाचा डबा उघडायचाच नाही. ज्या घरात हे पाळणं शक्य नाही, त्यांनी खाण्याचा व्यवसाय न निवडलेलाच बरा. साडीला फॉल-पिको, गोधडी, हिशेब लिहिणं हे पर्याय त्यांना जास्त बरे.

गैरसमज: हळूहळू पगाराइतकं सुटेल

वरच्या खेपेचा अंदाज मांडू. भाव गावागणिक बदलतील, तुमचे घाला. धान्य आणि मसाला सुमारे 370 रुपये, दळण 50, गॅस 60. भाजताना ओलावा जातो, गिरणीत थोडं सांडतं, म्हणून हातात साडेचार किलोच्या थोडं वर पीठ येतं. अर्ध्या किलोच्या नऊ पिशव्या, पिशवी आणि लेबल मिळून 90 रुपये. खर्च 570. पिशवी 120 रुपयांना गेली तर 1080 येतात, 510 उरतात. निवडणं, भाजणं, गिरणी, चाळणं, भरणं मिळून साधारण पाच तास जातात. म्हणजे तासाला शंभर रुपये. आठवड्याला अशा दोन खेपा झाल्या तर महिन्याला चार-साडेचार हजार.

या पैशांत औषधांचा खर्च बऱ्यापैकी भागेल, घर चालणार नाही. हे आधीच ठाऊक असलं म्हणजे कर्ज काढून दळणयंत्र आणायचा मोह होत नाही. हप्त्याला तारीख असते, आणि तारखेला बांधलेली कोणतीही गोष्ट या घरात जड जाते. वडील पंधरा दिवस रुग्णालयात असले तर व्यवसाय बंद ठेवता यायला हवा, आणि त्या काळात देणं वाढता कामा नये.

गैरसमज: अडचण सांगितली की गिऱ्हाईक समजून घेतं

एकदा घेतं, दोनदा घेतं. म्हणून ‘शुक्रवारी देते’ असं कुणालाच म्हणू नका. आधी माल तयार करा, मगच ‘नऊ पिशव्या आहेत’ असा निरोप गटावर टाका. संपल्या की ‘संपल्या, पुढचा माल झाला की कळवते’ एवढंच. आगाऊ पैसे घेऊ नका. त्या पैशांनी तुम्ही तारखेला बांधल्या जाता. कपाटात कायम एक खेप राखीव असली की आजारपणाचा आठवडाही गिऱ्हाइकाला जाणवत नाही. पहिले तीन महिने फक्त एकच पदार्थ करा, आणि ती राखीव खेप तयार होईपर्यंत नवं गिऱ्हाईक घेऊ नका.